मित्राचे वडील गेले: पहिला मेसेज कसा लिहावा

पूर्वी मृत्यूची बातमी पोस्टकार्डाने यायची. कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा आणि वाचून झालं की ते घरात न ठेवता फाडून टाकायचे. उलट टपालाने सांत्वनाचं पत्र पोचेपर्यंत तिकडे दहावा-बारावा होत आलेला असायचा. जमलेली माणसं पांगायला लागलेली असायची आणि घरातल्यांना दोन पानी पत्र वाचायला थोडी उसंत मिळायची. व्हॉट्सॲपवरचा मेसेज मात्र वडील अजून हॉलमध्ये चटईवर असतात तेव्हा पोचतो. मित्र त्या वेळी भटजींना फोन लावत असतो, बहीण कुठपर्यंत आली ते विचारत असतो, आणि कोणीतरी त्याच्याकडे आधार कार्ड मागत असतं. सांत्वनाची वेळ अशी पार बदलली, पण आपली भाषा अजून त्या दोन पानी पत्राचीच आहे. 'दुःखद निधनाची वार्ता समजली', 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' वगैरे.

म्हणून इथे फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो आहे: जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला पहिल्या दिवशी पाठवायचा मेसेज. चार-पाच वाक्यांचा, उभ्या उभ्या वाचता येईल असा, आणि तरी तो तुम्हीच लिहिला आहे हे कळेल असा.

लिहिण्याआधी एक फोन

बातमी बहुधा शाळेच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपवर येते. ती वाचून लगेच मित्राला लिहू नका. आधी दोघांच्या ओळखीच्या एखाद्या माणसाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, गेले ते नक्की कोण. 'सुधीरचे बाबा' आणि 'सुधीरच्या बायकोचे बाबा' यांची ग्रुपवर सहज सरमिसळ होते. ज्या घरात आजोबांनाही 'दादा' म्हणतात आणि वडिलांनाही, तिथे तर हमखास.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मित्राला स्वतःला हे कळलं आहे का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्याकडे बाहेरगावच्या मुलाला खरं सांगत नाहीत. 'अण्णा सीरियस आहेत, असशील तसा निघ' एवढंच सांगतात. मुलगा बंगळूरहून रात्रीच्या बसने निघालेला असतो, मनातून ओळखूनही असतो, पण कोणी तोंडाने म्हटलेलं नसतं. अशा वेळी पहाटे चारला त्याच्या फोनवर तुमचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' उमटलं, तर ती बातमी तुम्ही दिली असं होतं, आणि तेही बसमध्ये अनोळखी माणसांच्या मधोमध. तो घरी पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं. चार-सहा तास उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

तिसरी, अंत्यविधी कधी आणि कुठे. वेळेत पोचता येत असेल तर लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी नाहीच. 'निघालोय. साडेदहापर्यंत घरी पोचतो.' एवढा मेसेज करा आणि जा. याहून चांगला सांत्वनाचा मेसेज मला माहीत नाही.

जाता येणार नसेल तर फोन करावा की लिहावं? पहिल्या दिवशी लिहावं. फोन उचलला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि ते तो सकाळपासून वीस जणांना सांगून बसलेला असतो. आवाजी मेसेजही नको, कारण माणसांनी भरलेल्या घरात तो ऐकायचा कुठे? जोरात लागला तर आणखी पंचाईत.

मेसेजचा सांगाडा

यात चार गोष्टी याव्यात, आणि शक्यतो याच क्रमाने.

सुरुवात मित्राच्या नावाने करा, त्याला रोज ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने. मग वडील गेल्याचं कळलं हे सरळ सांगा. इथे वडिलांना तुम्ही जे म्हणत होतात तेच म्हणायचं: काका, अण्णा, तात्या, भाऊ, नाना, सर. 'आपल्या वडिलांचे निधन' असं लिहिलंत की तुम्ही त्याच्या घरी जेवलेला मित्र उरत नाही, सोसायटीचे सेक्रेटरी होता. 'अण्णा गेल्याचं आत्ता कळलं' हे पुरे आहे. 'गेले' हा शब्द आपण बोलताना वापरतो तोच लिहावा. त्याच्याऐवजी 'देवाज्ञा झाली' किंवा 'कैलासवासी झाले' लिहिल्याने दुःख हलकं होत नाही, फक्त अंतर पडतं. पाठोपाठ तुम्हाला काय वाटलं ते तीन-चार शब्दांत. 'फार वाईट वाटलं रे.' 'काही सुचत नाहीये गं.' त्यापुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे वडील. मेसेजमध्ये ते दिसले पाहिजेत. सगळं वजन या एका वाक्यावर आहे आणि नव्वद टक्के मेसेजमधून नेमकं तेच गळलेलं असतं, असं माझं मत आहे. त्याबद्दल खाली सविस्तर बोलतो.

तिसरी, तुम्ही करणार असलेलं एक ठरावीक काम. आणि चौथी, उत्तराची सुटका: 'उत्तर देऊ नकोस.' पुष्कळांना हे उद्धट वाटतं, पण ज्याचा फोन दिवसभर थरथरतो आहे त्याच्यासाठी प्रत्येक मेसेज म्हणजे परत करायचं एक देणं असतं. तुमच्यापुरतं ते देणं तुम्ही माफ करता.

वडिलांचं वाक्य कसं शोधायचं

'काका फार प्रेमळ होते', 'देवमाणूस होता', 'हसतमुख व्यक्तिमत्त्व'. या वाक्यांत खोटं काही नाही, पण ती कोणाच्याही वडिलांना चालतात. मित्राला त्यात त्याचे वडील सापडत नाहीत. आणि त्या दिवसांत त्याला तेच हवं असतं: आपले वडील घराबाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी आठवणीत, अजून कसे आहेत ते.

आठवण शोधायची तर मोठे प्रसंग सोडून द्या. त्यांचा सत्कार, निवृत्तीचा समारंभ, मुलीचं लग्न हे सगळं मित्राला तुमच्याहून जास्त माहीत आहे. स्वतःला साधे प्रश्न विचारा. त्यांच्या घरी गेल्यावर ते कुठे बसलेले असायचे? दार कोण उघडायचं? तुम्हाला ते काय म्हणायचे, नावाने हाक मारायचे की आडनावाने? कशावरून रागवायचे? तुमच्या हातात त्यांनी कधी काय ठेवलं? यातल्या एका तरी प्रश्नाला ठरलेलं, लहानसं उत्तर मिळतं. 'मला कायम जोशीबुवा म्हणायचे.' 'क्रिकेट लागलं की आवाज बंद करून रेडिओची कॉमेंटरी ऐकायचे.' 'आपण गच्चीवर सिगारेट ओढताना सापडलो, तेव्हा काका काही न बोलता खाली गेले.'

शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं. मेसेज गंभीरच असला पाहिजे असं नाही. वडिलांच्या एखाद्या खोडीची, हट्टाची आठवण मित्राला त्या गर्दीत क्षणभर हसवून जाते. मात्र मित्राच्या आईला किंवा भावंडांना वाचायला संकोच वाटेल असं काही नको. फोन त्या दिवशी एकाच्याच हातात नसतो. कोणीतरी मेसेज वाचून आईला ऐकवत असतं. सिगारेटचं उदाहरण आईला आधीपासून ठाऊक असेल तरच लिहा.

आणि खरंच लिहा. न घडलेली आठवण सजवून घालू नका. घरातली माणसं वडिलांना तुमच्याहून फार बारकाईने ओळखतात. जो माणूस चहा पीत नव्हता त्याच्या हातचा चहा तुम्हाला आठवला, तर ते लगेच लक्षात येतं.

एक मेसेज, दोनदा

समजा मित्राचं नाव सुधीर. वडिलांना तुम्ही त्याच्यासारखंच 'अण्णा' म्हणायचात. ते साताऱ्यात एका कारखान्यात पाळीवर कामाला होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तुम्ही पुण्यात. सकाळी नितीनचा फोन आला की अण्णा पहाटे गेले. सुधीर घरीच होता. अंत्यविधी अकराला आहे आणि तुम्हाला पोचता येणार नाही. घाईत लिहिलेला पहिला मसुदा बहुतेकांचा असा असतो:

> प्रिय सुधीर, तुझ्या वडिलांच्या दुःखद निधनाची बातमी समजली. ऐकून अतिशय धक्का बसला. माझ्याकडे शब्द नाहीत. अण्णा म्हणजे देवमाणूस, अत्यंत प्रेमळ आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. नक्की काय झालं होतं? पण जो जन्माला आला तो जाणारच, नियतीपुढे कोणाचं चालत नाही. तसंही वय झालं होतं, हाल न होता गेले हे भाग्यच. आता तुलाच खंबीर राहून आईला सावरायचं आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो आणि तुम्हा सर्वांना हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काहीही लागलं तर हक्काने सांग. भावपूर्ण श्रद्धांजली.

लिहिणाऱ्याच्या मनात खोट नाही. तरी एकेक वाक्य उचलून बघू.

'नक्की काय झालं होतं?' हा प्रश्न पहिला काढायचा. उत्तर द्यायचं तर मित्राला पहाटेचा सगळा प्रसंग टाइप करावा लागेल. शिवाय या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न ऐकू येतो: दवाखान्यात वेळेवर नेलं होतं का? तो तुम्ही विचारलेला नसला तरी मुलगा मनात सकाळपासून तोच विचारतो आहे. काय झालं ते नितीनकडून कळेलच.

'जो जन्माला आला तो जाणारच', 'वय झालं होतं', 'हाल न होता गेले'. हे खरं असू शकतं, पण ते म्हणायचा अधिकार घरच्यांचा. सुधीर तुम्हाला भेटल्यावर म्हणाला की 'बरं झालं रे, फार ओढले नाहीत', तर तुम्ही 'हो' म्हणा. त्याच्या आधी तुम्ही म्हटलंत की त्याला रडायचं कारण तुम्ही काढून घेतल्यासारखं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी गेलेला बापही बापच असतो.

'आता तुलाच खंबीर राहून आईला सावरायचं आहे.' थोरल्या मुलाला त्या दिवशी हे प्रत्येक जण सांगतो, स्मशानात खांद्यावर हात ठेवून तर फारच. काम आधीच त्याच्यावर पडलेलं आहे, त्याला ते माहीतही आहे. एका माणसाने तरी ते सांगू नये, आणि ते मित्राने सांगू नये. मैत्रिणीला लिहिताना याचंच दुसरं रूप येतं: 'तू रडलीस तर आईचं काय होईल?' तेही काढा.

'माझ्याकडे शब्द नाहीत' असं म्हणून पुढे दहा ओळी लिहू नयेत. आणि 'काहीही लागलं तर हक्काने सांग' हे वाक्य मदत देत नाही, मदत मागायचं काम मित्रावर टाकतं. काय हवं ते आठव, कोणाला सांगायचं ते ठरव, मग संकोच गिळून फोन कर. एवढं सगळं करायची ताकद असती तर त्याला मदतच लागली नसती. त्याऐवजी स्वतः एक काम उचला.

असं काम शोधायला त्या घरात काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी चूल पेटत नाही, पण पंधरा-वीस माणसं घरात असतात आणि मुलांना भूक लागते. कोणाला तरी स्टेशनवरून किंवा विमानतळावरून आणायचं असतं. शाळेतल्या नातवंडांना कुठेतरी ठेवायचं असतं. जुन्या मित्रांना कळवायचं असतं. यातलं तुम्हाला लांबून जे जमेल तेवढंच बोला आणि ते कराच. 'संध्याकाळी डबा पाठवतो' म्हणून न पाठवण्यापेक्षा काहीच न म्हणणं बरं.

आता दुसरा मसुदा:

> सुधीर, अण्णा गेल्याचं आत्ता नितीनने सांगितलं. फार वाईट वाटलं रे. बारावीत तुझ्याकडे अभ्यासाला असायचो तेव्हा अण्णा सेकंड शिफ्ट करून आले की आधी आपल्या दोघांचा चहा टाकायचे आणि मग बूट काढायचे, तेच डोळ्यांसमोर येतंय. ताई दुपारी पुण्याला उतरतेय ना, तिला विमानतळावरून मी घेऊन येतो, नितीनशी बोललोय. उत्तर देऊ नकोस. रात्री भेटू.

पहिल्या मसुद्यापेक्षा हा लहान आहे, पण यात अण्णा आहेत, आणि बहिणीला आणायची काळजी सुधीरच्या डोक्यातून गेली आहे. 'नितीनशी बोललोय' हे दोन शब्द मुद्दाम आहेत: कामाबद्दलचे बारीकसारीक प्रश्न सुधीरला नाही, नितीनला विचारायचे. 'ईश्वर शांती देवो' का नाही? घातलं असतं तर चुकलं नसतं. सुधीरच्या घरी देवाधर्माचं असेल आणि तुम्हीही मनापासून म्हणत असाल, तर शेवटी एक ओळ जरूर लिहा. पण फक्त तेवढीच ओळ लिहून सुटू नका.

सांगाडा कुठे बदलायचा

मित्राच्या वडिलांना तुम्ही कधी भेटलाच नसाल तर आठवण कुठून आणणार? मित्राच्या बोलण्यातून. 'मी काकांना भेटलो नाही, पण तू रोज अकरा वाजता मीटिंग सोडून त्यांना फोन करायचीस ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.' ऑफिसातल्या मैत्रिणीला एवढं पुरतं. हेही आठवत नसेल तर आठवणीचं वाक्य गाळा. दोन वाक्यांचा सच्चा मेसेज चालतो.

वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून गेलेले वडील असतील, तर मित्राने केलेली सेवा हेच वाक्य लिहा, पण तपशिलाने. 'दोन वर्षं तू रात्री दोन-दोन वेळा उठून त्यांना कुशीवर वळवत होतास, ते मी पाहिलंय.' सेवा केलेल्या मुलाच्याही मनात आपण कमी पडलो हे असतंच. 'सुटले' हा शब्द इथे जिभेवर येतो. तो मित्राच्या तोंडून येऊ दे.

बाप-लेकाचं पटत नसेल, बोलणंच बंद असेल, तर गुणगान टाळा. वडिलांची स्तुती वाचून त्याला काय वाटेल ते आपल्याला कळू शकत नाही. 'बातमी कळली. तुझी फार आठवण येतेय. आज रात्री जागा असशील तर मीही आहे.' असं मित्राकडे बघून लिहा, वडिलांना मधे आणू नका.

अपघात किंवा आत्महत्या असेल तर कारणाचा, पोलिसांचा, पेपरमधल्या बातमीचा उल्लेखही नको. अशा घरांना लोक लिहायचंच टाळतात, आणि ते टाळणं घरच्यांना बरोबर कळतं. वडील जसे होते तशी त्यांची एक आठवण लिहा, जशी एरवी लिहिली असती.

मित्र परदेशात असेल आणि त्याला पोचता आलं नसेल, अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहावा लागला असेल, तर 'यायला हवं होतंस' किंवा 'शेवटचं दर्शन नाही झालं ना?' हे चुकूनही लिहू नका. तुम्ही इथे असाल तर त्याच्या वतीने जाऊन या आणि काय पाहिलं ते लिहा: 'अकराला काकांना नेलं. वाड्यातले सगळे होते. मी शेवटपर्यंत थांबलो. काकू आता आत झोपल्यात, मावशी जवळ आहे.' असा साधा वृत्तांत लांबच्या मुलाला लागतो. त्यात मतं घालू नका.

मित्र कोणत्या घरचा आहे याचं भान ठेवा. डॉ. आंबेडकरांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि बौद्ध धम्म नित्य आत्मा मानत नाही. त्यामुळे बौद्ध मित्राला 'आत्म्यास शांती लाभो' किंवा 'कै.' लिहिणं विसंगत होतं. तिथे 'विनम्र आदरांजली' म्हणतात, आणि पुढचा कार्यक्रम 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' म्हणून कळवतात. मुसलमान घरात दफन शक्यतो त्याच दिवशी उरकतात, म्हणून जायचं असेल तर तासाभरात निघायला लागतं. 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' हे त्यांचं वचन तुमच्या तोंडी सहज नसेल तर ते कुठून तरी उचलून डकवू नका, मराठीत मनापासून लिहा. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती मित्राला मिस्सा कधी आहे ते दुसऱ्या कोणाकडून विचारून घ्या आणि तिथे हजर राहा.

पाठवताना

ग्रुपवर लिहिलंत म्हणजे मित्राला लिहिलंत असं होत नाही. तिथे शंभर जोडलेल्या हातांच्या खाली तुमचा मेसेज जातो. ग्रुपवर हवं तर एक ओळ टाका, खरा मेसेज त्याच्या नंबरवर. कोणाचा तरी मेसेज कॉपी करून पाठवू नका, कारण तो मेसेज त्यालाही आला आहे. मेणबत्ती आणि गुलाबाचं तयार चित्र, वर सोनेरी अक्षरं, हेही नको.

बऱ्याच वर्षांनी लिहीत असाल तर शेवटी नाव घाला. त्याने फोन बदलला असेल, तुमचा नंबर त्याच्याकडे नसेल. सुंदर मेसेज आला आणि कोणाचा ते कळेना, असं होतं. 'मी प्रशांत, शाळेतला, तुझ्या मागच्या बाकावरचा.'

पाठवण्याआधी एकदा पुटपुटत वाचा. मराठी कीबोर्ड पुढचा शब्द स्वतः सुचवतो, आणि बोटं 'हार्दिक' शब्दावर गेली की तो 'शुभेच्छा' पुढे करतो. चूक झालीच तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. नाव किंवा नातं चुकलं असेल तर दुरुस्त करा, बाकी वेलांटीसाठी जीव काढू नका.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज नको. 'मिळाला का?' तर नकोच. आणि त्या संध्याकाळी स्टेटसवर तुमच्या पार्टीचे फोटो टाकणार असाल तर थोडा दम धरा. रात्री झोप न लागलेला माणूस फोनवर काहीही बघत बसतो.

नंतरचे दोन मेसेज

पहिला मेसेज भेटीची जागा घेत नाही. दहा-बारा दिवसांत एकदा जाऊन या. गेल्यावर फार बोलायची गरज नसते, आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत, नुसतं उठायचं असतं. हे शहरात वाढलेल्यांना कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. पाहुणे जातात, मित्र कामावर रुजू होतो आणि कागदपत्रं सुरू होतात. दुसरा मेसेज तेव्हाचा, आणि त्यात पुन्हा एक ठरावीक काम. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. पुढे बँक, विमा, आईचं निवृत्तिवेतन, गावाकडे जमीन असेल तर तलाठ्याकडची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला मागतात, म्हणून त्याच्या जास्तीच्या प्रती सुरुवातीलाच काढून घेणं सोयीचं पडतं. यातली एखादी खेप तुम्ही केलेली असेल तर सांगा: 'दाखल्याचं झालं का? नसेल तर शनिवारी मी सोबत येतो, मला तिथलं माहितीये.' या वेळी प्रश्न विचारलेला चालतो. कोणीतरी प्रश्न विचारावा असंच त्याला आता वाटत असतं. 'अण्णांबद्दल बोलायचंय का' असं थेट विचारण्यापेक्षा शनिवारी रांगेत उभं राहिल्यावर तो आपोआप बोलेल.

त्यानंतरचा येतो तो पहिल्या दिवाळीला. त्या वर्षी बऱ्याच घरांत फराळ करत नाहीत, आणि सगळ्यांना पाठवायच्या शुभेच्छांच्या यादीत मित्राचं नाव तसंच राहून जातं. त्याला त्या यादीतून आठवणीने काढा. त्याऐवजी वेगळं लिहा:

> सुधीर, या वर्षी तुमच्याकडे काही करणार नसाल ना. आईने चकली आणि चिवडा काढून ठेवलाय, पाडव्याला सकाळी घेऊन येतो. काकूंना सांग.

आणि बातमी कळायलाच दोन-तीन महिने लागले असतील तरी लिहा. उशिराची लांबलचक कारणं देऊ नका. 'अण्णा गेल्याचं मला काल कळलं' एवढं म्हणून सरळ आठवणीवर या. इतरांचे मेसेज तोवर थांबलेले असतात आणि तुमचा तो निवांत वाचू शकतो, त्यामुळे इथे आठवण चांगली आठ-दहा ओळींची लिहिली तरी चालेल.